नोटरी झालेला कागद हातात आला, आता शिक्का आणि रजिस्टरमधली नोंद खरी आहे का हे कसं बघायचं

मी डोंबिवलीतल्या एका सोसायटीचा सेक्रेटरी आहे, आणि सोसायटीच्या कपाटात जेवढे कागद येतात त्यातले निम्मे तरी नोटरी केलेले असतात. नॉमिनेशन, शेअर सर्टिफिकेट हरवल्याचं अ‍ॅफिडेव्हिट, इंडेम्निटी बाँड, वारसांची एनओसी. आधी मी पण गोल शिक्का दिसला, लाल स्टिकर दिसला की कागद फाईलला लावून टाकायचो. मग 2023 मध्ये एक प्रकरण झालं आणि तेव्हापासून मी प्रत्येक महत्त्वाच्या कागदाची नोंद थेट नोटरीच्या रजिस्टरमध्ये बघून येतो. ते कसं करायचं ते सगळं इथे लिहितोय.

प्रकरण असं होतं. आमच्याकडचे एक वयस्कर सभासद वारले, नॉमिनेशन केलेलं नव्हतं, वारस दोनच, मुलगा आणि मुलगी. मुलगी लग्न होऊन नागपूरला. मुलाने फ्लॅट स्वतःच्या नावावर करायला अर्ज दिला आणि बाकी कागदांबरोबर बहिणीचं नोटराइज्ड एनओसी अ‍ॅफिडेव्हिट जोडलं, 100 च्या स्टॅम्प पेपरवर, कल्याणच्या नोटरीचा शिक्का, तारीख 18 जून 2023. (एनओसीने बहिणीचा हक्क जात नाही, त्याला हक्कसोडपत्र लागतं आणि ते रजिस्टर्डच लागतं, पण तो विषय वेगळा.) बहीण नागपूरची आणि नोटरी कल्याणचा, हे बघून कमिटीतल्या एकाने लगेच शंका काढली, पण हा मुद्दा तसा चुकीचा आहे. नोटरीला त्याच्या नेमून दिलेल्या हद्दीतच काम करता येतं, सही करायला येणारा माणूस मात्र कुठूनही येऊ शकतो. ती माहेरी आली असेल आणि कल्याणला जाऊन सही केली असेल तर त्यात काहीच गैर नाही. त्यामुळे पत्ता वेगळा आहे एवढ्यावरून कागद खोटा ठरवू नका.

आधी कागद नीट बघा

ओरिजिनल हातात घेतल्याशिवाय सुरुवात करायची नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो किंवा झेरॉक्स यावरून शिक्क्याबद्दल काहीच सांगता येत नाही. समोरचा "ओरिजिनल बँकेत दिलंय" म्हणाला तर बँकेत जाऊन बघू म्हणायचं.

नोटरीज रुल्स 1956 मधल्या नियम 12 प्रमाणे नोटरीचा शिक्का साधा गोल, 5 सेंटिमीटर व्यासाचा असतो, आणि त्यावर चार गोष्टी पाहिजेत: नोटरीचं नाव, त्याला नेमून दिलेला भाग (म्हणजे ठाणे जिल्हा, बृहन्मुंबई वगैरे), नोटरी हा शब्द, आणि कोणत्या सरकारने नेमलं ते, म्हणजे गव्हर्न्मेंट ऑफ इंडिया की गव्हर्न्मेंट ऑफ महाराष्ट्र. याशिवाय बहुतेक नोटरी आपला रजिस्ट्रेशन नंबर आणि सर्टिफिकेट संपायची तारीख पण शिक्क्यात किंवा बाजूच्या शिक्क्यात टाकतात. पट्टी लावून मोजा. एखाद-दोन मिलिमीटरचा फरक रबरामुळे पडू शकतो त्यामुळे त्यावरून निकाल लावू नका, पण शिक्का चार सेंटिमीटरचाच आला तर तो कुठून तरी कॉपी करून लहान होऊन आलाय का हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

मग कागद उलटा करा. रबरी शिक्क्याची शाई बहुतेक वेळा कागदात थोडी मुरते, मागून पुसट दिसते, काठाला कुठे जाड कुठे फिकी असते कारण हात सगळीकडे सारखा दाबला जात नाही. कलर प्रिंटरने छापलेला शिक्का मात्र सगळीकडे एकसारखा सपाट असतो, आणि साध्या भिंगातून बघितलं की जांभळ्या रंगाच्या जागी गुलाबी-निळे बारीक ठिपके दिसतात. भिंग नसेल तर मोबाईलचा कॅमेरा झूम करून पण चालतं. लाल स्टिकरवर दाबाचं सील असेल तर बोट फिरवून उठाव लागतो का बघा, नुसतं चित्र छापलेलं असेल तर हाताला काहीच लागत नाही. ओल्या बोटाने शाई पुसून बघणारे लोक असतात, ते अजिबात करू नका, उद्या हाच कागद पुरावा म्हणून लागला तर तुम्हीच तो खराब केलेला असेल.

एक गोष्ट मी हमखास बघतो ती म्हणजे तारखांचा क्रम. स्टॅम्प पेपर कधी घेतला, मजकुराखाली काय तारीख आहे, लिहून देणाऱ्याच्या सहीपाशी काय आहे आणि नोटरीने काय टाकलंय. स्टॅम्प पेपर नोटरीच्या तारखेनंतर विकत घेतलेला असेल तर पुढे काही तपासायची गरजच नाही. आणि सगळ्या पानांवर नोटरीचा शिक्का किंवा इनिशियल आहे का ते बघा, कारण शेवटचं पान खरं आणि मधलं पान बदललेलं हा प्रकार पण होतो आणि त्यात शिक्का शंभर टक्के खरा असतो.

आमच्या कागदात शिक्क्याचं माप बरोबर होतं, चारही गोष्टी होत्या, सर्टिफिकेटची मुदत 2023 नंतरची होती, स्टॅम्प पेपर आधीचा होता. फक्त मागच्या बाजूला शाईचा काहीच मागमूस नव्हता. कॅलेंडर काढलं तर 18 जूनला रविवार होता. रविवारी नोटरी करायला बंदी नाही, बरेच जण सुट्टीच्या दिवशी ऑफिस उघडं ठेवतात, तरी मी ते दोन्ही मुद्दे वहीत लिहून ठेवले.

हा माणूस खरंच नोटरी आहे का

इथे बऱ्याच लोकांचा घोळ होतो कारण नोटरी दोन सरकारं नेमतात, केंद्र पण आणि राज्य पण, आणि दोघांच्या याद्या वेगळ्या. म्हणून आधी शिक्क्यावर कोणतं सरकार लिहिलंय ते बघायचं आणि त्याच सरकारच्या यादीत नाव शोधायचं. केंद्राच्या नोटरींसाठी कायदा मंत्रालयाच्या विधी कार्य विभागाची साईट legalaffairs.gov.in आणि नोटरी पोर्टल notary.gov.in, आणि महाराष्ट्र सरकारच्या नोटरींसाठी मंत्रालयातला विधि व न्याय विभाग. कायद्याप्रमाणे दरवर्षी जानेवारीत प्रॅक्टिस सर्टिफिकेट असलेल्या नोटरींची यादी राजपत्रात छापायची असते.

नाव सापडलं नाही म्हणून लगेच खोटा म्हणू नका. याद्या पीडीएफ असतात, स्पेलिंग वेगळं असतं, वडिलांचं नाव कधी असतं कधी नसतं, आणि केंद्राने 2024 मध्ये महाराष्ट्रात हजारोंनी नवे नोटरी नेमले त्यामुळे जुन्या यादीत ते दिसणारच नाहीत. रजिस्ट्रेशन नंबर असेल तर त्याने शोधा, तो नावापेक्षा भरवशाचा.

सर्टिफिकेट 5 वर्षांचं असतं आणि मग रिन्यू करायचं असतं. आपल्याला बघायचंय ते हे की कागद नोटरी झाला त्या तारखेला सर्टिफिकेट चालू होतं का. आज चालू आहे याचा उपयोग नाही, आणि आज संपलंय म्हणून जुना कागद बाद पण होत नाही. शिक्क्यावर संपलेली तारीख दिसली तर नोटरीला रिन्यूअलचा कागद दाखवा म्हणायचं, कधीकधी रिन्यूअल झालेलं असतं पण शिक्का जुनाच वापरात असतो.

यादीत काहीच लागत नसेल आणि प्रकरण मोठं असेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका, 10 रुपये फी, आणि प्रश्न एकच विचारा: अमुक नावाच्या, अमुक रजिस्ट्रेशन नंबरच्या नोटरीचं प्रॅक्टिस सर्टिफिकेट अमुक तारखेला वैध होतं का. नोटरींची नोंदवही सरकार स्वतः ठेवतं त्यामुळे हे उत्तर त्यांच्याकडे असतं. नोटरीच्या ऑफिसातलं रजिस्टर मात्र असं माहिती अधिकारात मागून मिळेल अशी आशा धरू नका, ते सरकारी ऑफिसात नसतं, त्याच्याकडेच असतं.

आमचा नोटरी यादीत सापडला, नंबर जुळला, मुदत जुळली. कमिटीतले सगळे म्हणाले झालं की मग, मंजूर करून टाका. आणि खरं सांगतो, बहुतेक लोक इथेच थांबतात आणि इथेच फसतात. कारण यादीने एवढंच सांगितलं की या नावाचा नोटरी आहे. हा कागद त्याच्यापुढे झाला की नाही हे यादी कसं सांगणार? शिक्का शंभर रुपयात बनवून मिळतो, स्कॅन करून तर फुकटात. रजिस्टरमध्ये दोन नोंदींच्या मधे तिसरी घुसवणं मात्र फार अवघड आहे.

रजिस्टरमध्ये काय असतं

नोटरी जे जे काम करतो त्याची ओळ नोटरी रजिस्टरमध्ये भरायची असते, फॉर्म 15 म्हणतात त्याला. अनुक्रमांक, तारीख, कशाचं काम केलं, लिहून देणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, कागदाचा मजकूर थोडक्यात, नोटरीचं तिकीट लावलं का, फी किती, पावती नंबर, आणि शेवटी लिहून देणाऱ्याची सही आणि नोटरीची सही. रजिस्टर वापरायला काढायच्या आधी पहिल्या पानावर यात एकूण किती पानं आहेत असा सर्टिफिकेटचा मजकूर लिहून सही करायची असते, म्हणजे मधलं पान फाडलं तर कळावं.

यातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे लिहून देणाऱ्याची सही. म्हणजे तुमच्या कागदावर बहिणीची सही आहे आणि रजिस्टरमध्ये पण तिचीच सही पाहिजे. कागद बनवणाऱ्याच्या हातात कागद असतो, रजिस्टर नसतं.

तुमच्या कागदावर नोटरीच्या शिक्क्याजवळ अनुक्रमांक, असला तर पान नंबर आणि तारीख लिहिलेली असते, बऱ्याचदा हाताने. ती जागा रिकामी असेल तर तिथूनच प्रश्न सुरू होतो. नंबर असेल तर तो लिहून घ्या, कागदाची दोन्ही बाजूंनी झेरॉक्स काढा, आणि नोटरीच्या ऑफिसला जा. पत्ता मात्र यादीतून किंवा स्वतः चौकशी करून काढायचा, कागद देणाऱ्याने दिलेल्या मोबाईल नंबरवर फोन करून "हो हो माझाच शिक्का आहे" ऐकलं तर त्याला काही अर्थ नाही, तिकडे कोण बोलतंय काय माहीत.

नोटरीकडे गेल्यावर कसं बोलायचं

एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवा, तुम्हाला ते रजिस्टर बघायचा कायद्याने हक्क नाही. तपासणी जिल्हा न्यायाधीश किंवा सरकारने नेमलेला अधिकारी करतो. आणि त्या पानावर आणखी दहा लोकांची नावं-पत्ते असतात, नोटरी ते तुम्हाला दाखवायला कां कूं करणारच, आणि ते बरोबरच आहे. म्हणून "रजिस्टर दाखवा" असं म्हणायचं नाही. "साहेब, हा तुमच्या शिक्क्याचा कागद आमच्याकडे आलाय, या नंबरला ही नोंद आहे का एवढं बघून सांगता का, बाकीच्या ओळी झाका हवं तर" असं म्हटलं की बहुतेक वकील साहेब लगेच रजिस्टर काढतात, कारण खोटा निघाला तर त्यांचंच नाव खराब होणार असतं.

शक्य असेल तर लिहून देणाऱ्यालाच बरोबर न्या. त्याची स्वतःची नोंद आहे, त्याला नाही म्हणायला कोणाला कारण नाही.

मी सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र घेऊन गेलो होतो. पत्र चारच ओळींचं: सोबतच्या झेरॉक्समधला दस्त अमुक तारखेला, अमुक अनुक्रमांकाने आपल्यासमोर झाला असल्याचं नमूद आहे, आपल्या नोटरी रजिस्टरमध्ये ही नोंद आहे किंवा नाही हे कृपया लेखी कळवावं. खाली पोच घ्यायला जागा. तोंडी उत्तर कितीही स्पष्ट असलं तरी लेखी घ्याच, पत्राच्या कॉपीवर दोन ओळी लिहून सही-शिक्का दिला तरी पुरतं. आणि तिथेच तुम्हाला त्यांचा खरा ताजा शिक्का मिळतो, कागदावरच्या शिक्क्याशी शेजारी ठेवून बघायला.

आमच्या कागदावर अनुक्रमांक होता 1184. वकील साहेबांनी 2023 चं रजिस्टर काढलं. 18 जूनला एकही नोंद नव्हती. शनिवारी 17 तारखेची शेवटची नोंद 1611 आणि सोमवारी 19 ची पहिली 1612, मधे बोट घालायला जागा नाही. मग 1184 उघडली, ती होती 2 मे ची, एका वेगळ्याच माणसाचं नाव बदलाचं अ‍ॅफिडेव्हिट. वकील साहेब म्हणाले, "हे बघा, शिक्का माझाच आहे, सही पण माझीच दिसतेय, फक्त मी ती या कागदावर केलेली नाही." म्हणजे कोणीतरी त्या मे महिन्यातल्या कागदाचा शिक्का-सही-नंबरचा अख्खा तुकडा स्कॅन करून उचलला होता, तारीख बदलली, आणि नंबर बदलायचं लक्षात आलं नाही किंवा गरज वाटली नाही. मागच्या बाजूला शाई का नव्हती ते तेव्हा कळलं.

या नंबर-तारखेच्या हिशोबाचा उपयोग नोटरीकडे जायच्या आधी पण होतो. त्याच नोटरीचे दुसरे कागद तुमच्याकडे, बँकेत, ओळखीच्यांकडे असतील तर त्यावरचे नंबर आणि तारखा एका कागदावर मांडा. तारीख पुढे गेली की नंबर पण पुढे गेला पाहिजे. आमच्या फाईलमध्ये त्याच नोटरीचा मे अखेरचा एक इंडेम्निटी बाँड नंतर सापडला, नंबर 1400 च्या पुढचा. म्हणजे जूनचा 1184 कसा? फक्त आधी विचारून घ्या की ते नंबर दरवर्षी 1 पासून सुरू करतात की सलग चालू ठेवतात, आणि एकावेळी दोन रजिस्टरं तर नाहीत ना.

नोंद सापडली तरी काय बघायचं

नंबर आहे म्हणून झालं नाही, अख्खी ओळ वाचा. नाव तेच आहे का, कामाचा प्रकार तोच आहे का, कारण नोंद "अ‍ॅफिडेव्हिट" ची आणि तुमच्या हातात कुलमुखत्यारपत्र असेल तर ती नोंद या कागदाची नाही. लिहून देणाऱ्याची सही कागदावरच्या सहीसारखी आहे का. वरच्या-खालच्या ओळींपेक्षा ही ओळ दाटीवाटीने लिहिलीय का, शाई वेगळी आहे का, 1184 नंतर 1184 अ असं काही आहे का. मागच्या तारखेने नोंद करायची म्हणून ओळ रिकामी सोडलेली असते असं ऐकून होतो, ते एकदा स्वतः बघितलं पण, दुसऱ्या एका कागदाच्या वेळी, पान उलटलं तर तारीख-नंबर टाकून पुढे सगळं कोरं अशा दोन ओळी. त्या नोटरीने तयार केलेला कागद आम्ही घेतला नाही, लिहून देणाऱ्यांना दुसरीकडे जाऊन परत करायला सांगितलं.

पावती पण मागा. नोटरीने घेतलेल्या फीची पावती द्यायची असते आणि तिचा नंबर रजिस्टरमध्ये असतो. व्यवहारात बरेच जण पावती देत-घेत नाहीत त्यामुळे पावती नाही म्हणजे कागद खोटा असं नाही, पण असली तर तिसरा पुरावा तयार मिळतो.

मग शेवटी लिहून देणाऱ्याला फोन, तो पण तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर. मी नागपूरला फोन केला, त्या मुलीला मी लहानपणापासून बघितलंय. म्हटलं, "ताई, तू 18 जूनला कल्याणला आली होतीस का, काही सही केलीस?" ती म्हणाली, "काका, मी बाबांच्या दिवसांनंतर मुंबईला आलेच नाही." आणि मग बराच वेळ काहीच बोलली नाही. मला फार वाईट वाटलं, सख्ख्या भावाबद्दल हे माझ्या तोंडून कळावं याचं.

आणि हे पण समजून घ्या की नोंद, सही, शिक्का सगळं खरं निघालं तरी त्यावरून एवढंच कळतं की या माणसाने या दिवशी नोटरीपुढे सही केली. आत लिहिलेला मजकूर खरा आहे याची हमी नोटरी देत नाही. परदेशातल्या नोटरीकडून करून आलेल्या कागदाला तर हे काहीच लागू नाही, तिथे अपोस्टिल, म्हणजे त्या देशाच्या सरकारने लावलेलं खातरजमेचं प्रमाणपत्र, किंवा आपल्या वकिलातीचं अटेस्टेशन बघावं लागतं.

खोटा निघाला तर

कागद परत देऊ नका, हे पहिलं. तो मागायला लगेच येतात, "चूक झाली, नवीन करून आणतो". आम्ही ओरिजिनल पाकिटात सील केलं, कमिटीच्या मीटिंगमध्ये ठराव घेतला, अर्जदाराला लेखी कळवलं की अर्ज थांबवलाय, आणि बहिणीला आणि नोटरीला दोघांनाही कागदाची कॉपी दिली.

पुढे कुठे जायचं हे दोष कोणाचा आहे त्यावर ठरतं. खऱ्या नोटरीचा शिक्का चोरून वापरला असेल तर ती सरळ बनावट दस्ताची केस, पोलीस स्टेशनला तक्रार, आणि ती नोटरीने आणि ज्याची खोटी सही आहे त्याने केली तर जास्त वजन पडतं. नोटरीनेच माणूस समोर नसताना शिक्का मारला असेल तर त्याला नेमणाऱ्या सरकारकडे, फॉर्म 13 मध्ये तक्रार, नियम 13 प्रमाणे चौकशी होते आणि नाव काढून टाकण्यापर्यंत जाऊ शकतं. आणि नोटरी नसलेलाच माणूस नोटरी म्हणून बसला असेल तर नोटरी कायद्यात 1 वर्षापर्यंत शिक्षा आहे, पण त्या गुन्ह्याची दखल कोर्ट सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीवरच घेतं, त्यामुळे तिथे विधि व न्याय विभागाला कळवणं आणि बनावटीची तक्रार पोलिसांत देणं असं दोन्हीकडून जावं लागतं.

आता आमच्याकडे नोटराइज्ड कागद आला की फाईलला लावायच्या आधी एक कोरा कागद त्याला पिन करतो, त्यावर नोटरीचं नाव, रजिस्ट्रेशन नंबर, अनुक्रमांक, तारीख, यादीत कधी बघितलं, नोटरीकडे कोण गेलं आणि काय उत्तर मिळालं एवढं लिहिलेलं असतं. वारसाच्या आणि विक्रीच्या कागदांना हे सगळं करतोच, साध्या पत्ता बदलाच्या अ‍ॅफिडेव्हिटला फक्त शिक्का आणि यादी बघतो. एका कागदामागे कल्याणची एक फेरी आणि अर्धा दिवस जातो.